अर्धा भरलेला पट्टा, तरी वीज वाहेना!

प्रश्न : बी.एस्सी.च्या पुस्तकात वाचलं की, ज्या पदार्थाचा ऊर्जापट्टा अर्धवट भरलेला असतो तो वीज वाहतो आणि पूर्ण भरलेला असेल तर वाहत नाही. पुढे त्याच पुस्तकात एका चौकटीत लिहिलंय की, निकेल ऑक्साइडचा पट्टा अर्धाच भरलेला असूनही ते विद्युतरोधक आहे, 'कारण इलेक्ट्रॉनांमधील प्रतिकर्षण'. पण प्रतिकर्षण तर तांब्यातही असणारच! मग तांबं वीज कसं वाहतं? की पट्ट्यांचा सिद्धांतच चुकीचा म्हणायचा?
ता.क. – आमच्या सरांचं म्हणणं असं की, याला निकेल ऑक्साइडचं चुंबकत्व कारणीभूत आहे. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. 'कारण प्रतिकर्षण' एवढं म्हणून पुढे सरकणारी पुस्तकं पुष्कळ आहेत आणि वाचकही मान डोलावून पान उलटतो. पण तांब्यातले इलेक्ट्रॉनही एकमेकांना ढकलतातच. त्यामुळे प्रतिकर्षण आहे की नाही, हा इथे प्रश्नच नाही. ते किती आहे आणि त्याच्यासमोर दुसरं काय उभं आहे, याचा हिशेब करावा लागतो. तो फार अवघड नाही. आपण तो करूनच पाहू.

आधी गोष्ट किती विचित्र आहे ते लक्षात घ्या. निकेल हा धातू वीज छान वाहतो. त्याच निकेलचं शुद्ध ऑक्साइड घेतलं, तर खोलीच्या तापमानाला त्याची रोधकता 10¹³ ओम-सेंटिमीटरच्या आसपास भरते. धातूशी तुलना केली तर हा फरक एकावर अठरा शून्यं इतक्या पटींचा आहे.

यावर पटकन सुचणारं उत्तर असं : 'ऑक्साइड म्हटलं की रोधक, त्यात नवल काय? ऑक्सिजनने इलेक्ट्रॉन काढून घेतले, वाहायला उरलं काय?' मॅग्नेशियम ऑक्साइडच्या बाबतीत हे अगदी खरं आहे. मॅग्नेशियमचे बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जातात, दोघांचीही कवचं पूर्ण भरतात आणि विषय संपतो. निकेलचं तसं नाही. ऑक्सिजनने दोन इलेक्ट्रॉन नेल्यावरही निकेलच्या 3d कवचात आठ इलेक्ट्रॉन मागे राहतात आणि त्या कवचात जागा असते दहांची. स्फटिकात प्रत्येक निकेलभोवती सहा ऑक्सिजन असतात. त्यांच्यामुळे 3d च्या पाच कक्षकांचे दोन गट पडतात : खालच्या ऊर्जेचे तीन आणि वरच्या ऊर्जेचे दोन. खालच्या तिघांत सहा इलेक्ट्रॉन मावतात आणि ते गच्च भरतात. उरलेले दोन इलेक्ट्रॉन वरच्या दोन कक्षकांत जातात, जिथे जागा चौघांची आहे. तुमच्या पुस्तकातला 'अर्धा भरलेला पट्टा' तो हाच.

म्हणजे वाहायला इलेक्ट्रॉन आहेत आणि रिकाम्या जागाही आहेत. शिवाय सगळीच ऑक्साइडं रोधक नसतात. रेनियम ट्रायऑक्साइड नावाचं एक लालसर ऑक्साइड आहे, ते धातूसारखी वीज वाहतं. त्याच्याकडे आपण पुन्हा वळणारच आहोत.

आता पट्ट्यांचा सिद्धांत काय म्हणतो ते पाहू. एकट्या अणूत इलेक्ट्रॉनची ऊर्जा ठरावीक असते. असे असंख्य अणू शेजारीशेजारी आणले की, एका अणूवरचा इलेक्ट्रॉन शेजारच्या अणूवर जाऊ शकतो आणि ती एकच ऊर्जापातळी पसरून तिचा पट्टा होतो. अणू जितके जवळ आणि त्यांची कक्षकं एकमेकांत जितकी शिरलेली, तितका पट्टा रुंद. इलेक्ट्रॉन तळापासून जागा भरत वर येतात. पट्टा भरण्याआधीच इलेक्ट्रॉन संपले, तर सगळ्यात वरच्या इलेक्ट्रॉनच्या डोक्यावर लगेच रिकामी जागा असते. बॅटरीचा जरासा धक्काही त्याला पुढे सरकवायला पुरतो. पट्टा पूर्ण भरला असेल, तर पुढची जागा मोठ्या फटीच्या पलीकडे असते. मग वीज वाहत नाही. सोडियम, सिलिकॉन, मॅग्नेशियम ऑक्साइड या सगळ्यांचा उलगडा या एका विचाराने होतो, तेव्हा सिद्धांताला एकदम मोडीत काढायचं कारण नाही.

पण या चित्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि ती सहसा मोठ्याने सांगितली जात नाही. प्रत्येक इलेक्ट्रॉन बाकीच्यांची फक्त सरासरी पाहतो. आत्ता, या क्षणी, शेजारच्या अणूवर कोणी बसलंय की नाही, याची तो चौकशीच करत नाही. बाकीच्यांच्या विद्युतभाराचा एक गुळगुळीत, सरासरी थर सगळीकडे पसरलेला आहे असं धरायचं आणि त्यात एकट्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजायची, ही या सिद्धांताची रीत.

याचा परिणाम काय होतो ते मोजून पाहू. सोयीसाठी प्रत्येक अणूवर एकच कक्षक आणि सरासरी एकच इलेक्ट्रॉन आहे असं समजा. कक्षकात दोन इलेक्ट्रॉन मावतात, त्यांचे स्पिन उलटसुलट असले म्हणजे झालं. म्हणजे हा पट्टा बरोबर अर्धा भरलेला. आता इलेक्ट्रॉन एकमेकांची दखल न घेता हिंडत असतील, तर एखाद्या क्षणी एका अणूवर काय दिसेल? वर-स्पिनचा इलेक्ट्रॉन तिथे असण्याची शक्यता निम्मी, खाली-स्पिनचा असण्याची शक्यताही निम्मी. दोन्ही एकदम असण्याची शक्यता एक चतुर्थांश. दोन्ही नसण्याचीही तितकीच. म्हणजे कुठल्याही क्षणी पाव अणूंवर दोन-दोन इलेक्ट्रॉन आणि पाव अणू रिकामे!

एकाच अणूवर दोन इलेक्ट्रॉन आले की प्रतिकर्षणापोटी ऊर्जा मोजावी लागते. तिला भौतिकशास्त्रज्ञ U म्हणतात. पाव अणूंवर अशी जोडी असल्याने प्रत्येक अणूमागे सरासरी खर्च U/4. उलट, इलेक्ट्रॉन पसरल्यामुळे ऊर्जा वाचतेही. पट्ट्याची रुंदी W धरली, पातळ्या त्यात सारख्या पसरल्या आहेत असं मानलं आणि फक्त खालचा अर्धा भाग भरलेला असला, तर ही बचत प्रत्येक अणूमागे W/4 येते. खर्च U/4, बचत W/4. आता उत्तर समोरच आहे. W मोठा असेल तर हिंडणं फायद्याचं आणि पदार्थ धातू. U बराच मोठा असेल तर प्रत्येक इलेक्ट्रॉनने आपापल्या अणूवर बसून राहणं स्वस्त पडतं आणि पट्टा अर्धा असूनही वीज थांबते. हा हिशेब ढोबळ आहे, तोल नेमका कुठे फिरतो हे त्यावरून काढता येत नाही. पण कोणाची तुलना कोणाशी करायची, हे तो चोख सांगतो.

पंगतीचं उदाहरण घ्या. प्रत्येक पाटावर दाटीवाटीने दोघं बसू शकतात, पण सध्या प्रत्येकावर एक-एक जण बसलाय. कागदावर पंगत अर्धी रिकामी आहे. तरीही कोणाला एक पाट सरकायचं असेल, तर त्याला दुसऱ्याच्या पाटावर टेकावं लागणार आणि ते दोघांनाही नकोसं आहे. म्हणून सगळे जागच्या जागी. एकच माणूस उठून निघून गेला की मात्र त्याच्या पाटावर शेजारी सरकतो, त्याच्या जागी पुढचा, आणि रिकामा पाट पंगतभर फिरू लागतो. हा उठून गेलेला माणूस ध्यानात ठेवा, तो पुढे कामाला येणार आहे.

आता निकेल ऑक्साइडचे खरे आकडे घालू. एका निकेल आयनावरचा इलेक्ट्रॉन उचलून दुसऱ्या निकेल आयनावर ठेवायचा, म्हणजे

Ni²⁺ + Ni²⁺ → Ni³⁺ + Ni⁺

एवढी घटना घडवायची. आयन मोकळे, एकमेकांपासून दूर असतील तर खर्च किती? निकेलचा तिसरा इलेक्ट्रॉन काढायला 35.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. तो दुसऱ्या Ni²⁺ ला दिला की 18.2 परत मिळतात, कारण निकेलचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला तेवढेच लागतात. निव्वळ खर्च 17 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. स्फटिकात आजूबाजूचे आयन आपापले भार थोडे इकडेतिकडे करून हा धक्का सौम्य करतात, त्यामुळे प्रत्यक्षात U सात-आठ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत उतरतो. तरीही तो प्रचंडच आहे. खोलीच्या तापमानाला उष्णतेतून मिळणारी ऊर्जा जेमतेम 0.025 इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते.

आणि समोर W किती? फक्त एक-दोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एवढा कमी असण्याचं कारण स्फटिकाच्या रचनेत आहे. निकेल ऑक्साइडची ठेवण मिठाच्या स्फटिकासारखी : एक निकेल, एक ऑक्सिजन, पुन्हा निकेल. निकेल धातूत दोन शेजारी अणूंमधलं अंतर 2.49 अँगस्ट्रॉम असतं. ऑक्साइडमध्ये ते 2.95 होतं. फरक लहान वाटतो, पण 3d कक्षकं मुळातच अणूच्या पोटाशी आखडून असतात. अंतर जरा वाढलं की ती एकमेकांना शिवेनाशी होतात. मग इलेक्ट्रॉनला बहुतेक वेळा ऑक्सिजनच्या मध्यस्थीनेच पलीकडे जावं लागतं. त्यामुळे पट्टा अरुंद राहतो. एका बाजूला सात-आठ, दुसऱ्या बाजूला एक-दोन. निकाल लागला.

तांब्याचं कोडंही इथेच सुटतं. तांब्यात वीज वाहतात ते मुख्यतः 4s इलेक्ट्रॉन. त्यांची कक्षकं ऐसपैस असतात, शेजारच्या कितीतरी अणूंपर्यंत पोचतात, म्हणून पट्टा खूप रुंद होतो. शिवाय धातूत मोकळ्या इलेक्ट्रॉनांची गर्दी असते. एखाद्या अणूवर जास्तीचा भार आला की ही गर्दी लगेच बाजूला सरून त्याला झाकून टाकते, त्यामुळे U सुद्धा घटतो. म्हणजे W वाढला आणि U घटला, दोन्ही गोष्टी वीज वाहण्याच्या बाजूच्या. निकेल धातूतही हाच प्रकार आहे, तिथेही 4s इलेक्ट्रॉन हजर असतात. ऑक्साइड होताना ऑक्सिजन नेमके तेच घेऊन जातो. त्यामुळे वाहणारेही गेले आणि झाकणारेही गेले. मागे राहिले ते आखडलेले 3d.

रेनियम ट्रायऑक्साइडला हाच हिशेब लावा. तिथे रेनियमकडे एकच इलेक्ट्रॉन उरतो, पण तो 5d कक्षकात. 5d कक्षकं 3d पेक्षा बरीच पसरट असतात. ऑक्सिजन मध्ये असला तरी त्याच्याशी ती चांगली मिसळतात आणि पट्टा रुंद होतो. कक्षक मोठं असल्याने एकाच अणूवर आलेल्या दोन इलेक्ट्रॉनांना एकमेकांपासून जरा लांबही राहता येतं, म्हणून U कमी. उत्तर : धातू. 'ऑक्साइड' हा शब्द ऐकून निकाल देऊ नये, ते यासाठी.

हा विचार पहिल्यांदा पुढे आला त्याचा प्रसंग सांगण्यासारखा आहे. 1937 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला घन पदार्थांतल्या विद्युतवहनावर परिषद भरली होती. पट्ट्यांचा सिद्धांत तेव्हा नुकताच वयात आला होता आणि त्याचा बोलबाला होता. तिथे हॉलंडच्या फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेतले द बोअर आणि फरवे यांनी अडचण मांडली : निकेल ऑक्साइडसारखे पदार्थ सिद्धांताप्रमाणे वाहक असायला हवेत आणि ते तर पक्के रोधक आहेत. त्यावरच्या चर्चेत रुडॉल्फ पायर्ल्स यांनी सुचवलं की, इलेक्ट्रॉनांचं आपसांतलं प्रतिकर्षण एकाच जागी दोघांना येऊ देत नसेल, म्हणून ते अडकून पडत असतील. नेव्हिल मॉट यांनी ही कल्पना उचलली आणि 1949 पासून पुढे ती तपशिलात मांडली. म्हणून अशा पदार्थांना आज 'मॉट रोधक' म्हणतात. 1963 साली जॉन हबर्ड यांनी तिला U आणि W यांच्या झगड्याचं नेटकं गणिती रूप दिलं. ते गणित दिसतं चार ओळींचं, पण खऱ्या त्रिमिती स्फटिकासाठी ते पूर्ण अचूक अजून कोणाला सुटलेलं नाही.

आता तुमच्या सरांच्या मुद्द्याकडे येऊ. तो मुळीच टाकाऊ नाही. अमेरिकेतले जॉन स्लेटर यांनी 1951 साली हेच म्हटलं होतं. निकेलच्या वरच्या दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकाच दिशेने असतात, त्यामुळे प्रत्येक निकेल आयन हा एक छोटा चुंबक होतो. थंड निकेल ऑक्साइडमध्ये हे चुंबक शिस्तीत उभे असतात : एका पातळीतले सगळे वर, पुढच्या पातळीतले सगळे खाली. बेरीज शून्य, म्हणून बाहेरून चुंबकत्व जाणवत नाही. अशा पदार्थाला प्रतिलोहचुंबकीय म्हणतात. स्लेटर यांचा युक्तिवाद असा : या रांगेत वर-स्पिनच्या इलेक्ट्रॉनला वर-चुंबकाचे अणू सोयीचे आणि खाली-चुंबकाचे गैरसोयीचे. त्यामुळे पट्ट्याचे दोन तुकडे पडतात, खालचा तुकडा पूर्ण भरतो आणि वरचा पूर्ण रिकामा राहतो. मध्ये फट. म्हणजे पट्ट्यांचा सिद्धांतही वाचला आणि रोधकपणाही समजला.

युक्तिवाद सुंदर आहे, पण त्याची परीक्षा घेता येते. ही चुंबकी शिस्त एका ठरावीक तापमानाला मोडते. निकेल ऑक्साइडमध्ये ते सुमारे 250 अंश सेल्सिअस आहे. फट जर या शिस्तीमुळेच पडली असेल, तर त्या तापमानाच्या वर तापवताच ती मिटायला हवी आणि पदार्थ एकदम धातू व्हायला हवा. तसं काहीही होत नाही. तापवल्यावर रोध हळूहळू उतरतो, जसा कुठल्याही अर्धवाहकाचा उतरतो. पण त्या तापमानाला फट नाहीशी होत नाही.

याहून सोपा साक्षीदार म्हणजे निकेलच्या शेजारच्या कोबाल्टचं ऑक्साइड. त्याची चुंबकी शिस्त सुमारे 18 अंशांनाच मोडते. मिरजेत कुठल्याही दुपारी कोबाल्ट ऑक्साइडची बाटली टेबलावर ठेवा, तिच्यातली शिस्त केव्हाच मोडलेली असणार. आणि त्यात 3d इलेक्ट्रॉन सात, म्हणजे विषम. पट्ट्यातली प्रत्येक जागा दोघांची असते, तेव्हा प्रत्येक निकेलमागे किंवा कोबाल्टमागे सम इलेक्ट्रॉन असतील तर पट्टे पूर्ण भरण्याची निदान शक्यता तरी राहते. विषम असतील तर एक पट्टा अर्धवट राहणारच, पळवाट नाही. सिद्धांत म्हणतो, हा धातूच असला पाहिजे. बाटलीतलं कोबाल्ट ऑक्साइड भर दुपारी रोधकच राहतं.

आकडेही स्लेटर यांच्या बाजूने उभे राहत नाहीत. 1984 साली निकेल ऑक्साइडसाठी चुंबकी शिस्त धरून, प्रतिकर्षण मात्र सरासरीनेच मोजून, पट्ट्यांचं गणित संगणकावर केलं गेलं. त्यात फट आली खरी, पण एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. त्याच वर्षी सावात्स्की आणि ॲलन यांनी ती प्रयोगाने मोजली. पदार्थावर प्रकाश टाकून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला किती ऊर्जा लागते ते एकीकडे, आणि बाहेरून इलेक्ट्रॉन आत सोडला तर तो कुठल्या ऊर्जेला बसतो ते दुसरीकडे, या दोहोंतलं अंतर म्हणजे फट. ती भरली 4.3 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. गणिताच्या दहा पटींहून जास्त.

म्हणून सरांना एवढंच सांगा की, चुंबकत्व आणि रोधकपणा ही एकाच कारणाची दोन अपत्यं आहेत. इलेक्ट्रॉन आपापल्या अणूवर अडकला की त्याचा स्पिनही तिथेच अडकतो आणि प्रत्येक अणू चुंबक होतो. हे चुंबक 250 अंशांच्या वरही जिवंत असतात, फक्त त्यांच्या दिशा विस्कटतात. त्या दिशांची रांग लागणं ही नंतरची गोष्ट. रोधकपणा तिच्यावर अवलंबून नाही.

चाणाक्ष वाचकाला इथे एक खटकेल. U सात-आठ म्हणालो आणि फट निघाली 4.3. उरलेली ऊर्जा कुठे गेली? इथे मॉट यांच्या मूळ चित्रात एक दुरुस्ती करावी लागते. आपण धरलं होतं की, इलेक्ट्रॉन एका निकेलवरून उचलून दुसऱ्या निकेलवर ठेवायचा. पण त्याहून स्वस्त वाट आहे : ऑक्सिजनवरून उचलून निकेलवर ठेवणं. U मोठा असल्यामुळे निकेलचे भरलेले 3d इलेक्ट्रॉन ऊर्जेत इतके खाली ढकलले जातात की, भरलेल्यांत सगळ्यात वर ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन येतात. त्यामुळे फट ऑक्सिजन आणि निकेल यांच्यातली ठरते आणि ती U पेक्षा लहान असते. 1985 साली झानन, सावात्स्की आणि ॲलन यांनी हा फरक नीट मांडला. त्यांच्या वर्गवारीत निकेल ऑक्साइड 'भार-स्थलांतर रोधक' ठरतं. तरीही मूळ कारण प्रतिकर्षणच. U शून्य केला, तर निकेलचा अर्धा भरलेला पट्टा पुन्हा मध्ये येऊन बसेल आणि ऑक्सिजन कुठेही असला तरी वीज वाहील.

रंगाबद्दलही एक गैरसमज हमखास होतो. शुद्ध निकेल ऑक्साइड पोपटी-हिरवं असतं. फट चार इलेक्ट्रॉन-व्होल्टची, आणि डोळ्यांना दिसणारा प्रकाश जास्तीत जास्त तीनपर्यंतचा. मग हा प्रकाश शोषून कोण घेतो? निकेलवरचा इलेक्ट्रॉन त्याच अणूवर खालच्या तीन कक्षकांतून वरच्या दोन कक्षकांत जातो, तेव्हा लाल आणि जांभळ्या टोकाचा काही प्रकाश शोषला जातो आणि हिरवा उरतो. ही हालचाल अणूच्या घरातल्या घरात होते. तिने वीज वाहत नाही. रंग आहे म्हणजे मोकळे इलेक्ट्रॉन आहेत, असा निष्कर्ष काढू नये.

बाजारात मात्र निकेल ऑक्साइड काळंही मिळतं आणि ते थोडीफार वीज वाहतं. त्यावरून 'हे कुठलं रोधक?' असा वाद घालणारे भेटतात. काळ्या नमुन्यात काही निकेल अणू गैरहजर असतात. त्यांची भरपाई म्हणून काही इलेक्ट्रॉन कमी होतात आणि पंगतीत रिकामे पाट तयार होतात. हेच मुद्दाम करायचं असेल तर निकेलच्या जागी थोडं लिथियम घालतात. लिथियम एकच इलेक्ट्रॉन देऊ शकतो, ऑक्सिजनला हवे असतात दोन, म्हणून प्रत्येक लिथियममागे एक इलेक्ट्रॉन कमी पडतो. फरवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही युक्ती पद्धतशीर वापरली. काही टक्के लिथियम घातलं की रोधकता कित्येक दशकोटी पटींनी उतरते. ती रिकामी जागा निकेलवर असते असं जुनी पुस्तकं सांगतात. 1989 साली क्ष-किरणांनी तपासलं तेव्हा ती मुख्यतः ऑक्सिजनवर सापडली, आणि मॉट यांच्या चित्रात वर केलेल्या दुरुस्तीनुसार ती तिथेच असायला हवी होती. एवढं करूनही लिथियम घातलेलं निकेल ऑक्साइड तांब्यासारखा धातू होत नाही. रिकामी जागा लिथियमजवळ रेंगाळते, भोवतालच्या आयनांना जरा हलवून स्वतःसाठी खळगा करते आणि उष्णतेच्या मदतीने एकेक उडी मारत पुढे जाते.

राहिला शेवटचा प्रश्न, सिद्धांत चुकीचा का? माझं मत असं : सिद्धांत ठीक आहे, त्याला त्याच्या हद्दीबाहेर नेणं चूक आहे. जिथे W मोठा, तिथे सरासरीने काम भागतं. 3d, 4f सारखी आखडलेली कक्षकं अर्धवट भरलेली असतील, तिथे आधी U आणि W शेजारीशेजारी मांडा. 1991 पासून पट्ट्यांच्या गणितातच 3d इलेक्ट्रॉनांसाठी U वेगळा मिळवण्याची पद्धत रूढ झाली. तसं केलं की निकेल ऑक्साइडची फट खऱ्याच्या जवळ येते. मात्र U किती घ्यायचा हे बऱ्याचदा बाहेरून ठरवावं लागतं, हा त्या पद्धतीचा कच्चा दुवा.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्वतः पडताळायचं असेल तर हिरवी पूड मागा, तिची गोळी दाबून भट्टीत भाजून घ्या आणि शेजारी लिथियम मिसळून भाजलेली दुसरी गोळी ठेवा. साध्या मल्टिमीटरवर पहिलीचा आकडा पट्टीबाहेर जाईल, दुसरीचा वाचता येईल आणि गोळी तापवाल तसा तो उतरत जाईल. निकेलच्या संयुगांची धूळ श्वासातून आत गेली तर कर्करोगाचा धोका असतो, तेव्हा पूड हाताळताना मास्क, हातमोजे आणि धूर ओढणारं कपाट वापरायला विसरू नका.